सक्सेस रेट ९० टक्के का झाला?

आमच्याच कंपनीतील एका बॅकएंड इंजिनिअरला प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी दुसऱ्या विभागात मुलाखत द्यायची होती आणि त्याआधी एक मॉक इंटरव्ह्यू घ्यावा, अशी त्याने मला विनंती केली. शुक्रवारी दुपारी आम्ही एक मीटिंग रूम मिळवली. त्याची तयारी कमी नव्हती. प्रॉडक्ट सेन्स, मेट्रिक्स आणि प्रायॉरिटायझेशन असे वहीचे तीन भाग त्याने केले होते आणि प्रत्येक भागात एकेक फ्रेमवर्क पाठ करून ठेवले होते. मात्र, पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आले की प्रश्न कोणताही असला तरी उत्तराची पहिली चार वाक्ये तीच येत होती. म्हणून मी वही मिटायला सांगितली आणि उरलेली सगळी दुपार एकाच प्रकरणावर घालवायचे ठरवले.

प्रश्न असा होता : तू एका यूपीआय ॲपचा प्रॉडक्ट मॅनेजर आहेस. मागच्या आठवड्यात पेमेंटचा सक्सेस रेट ९४.३ टक्के होता, या आठवड्यात तो ९० टक्क्यांवर आला आहे. काय करशील?

त्याने लगेच कारणांची यादी सुरू केली. एखाद्या बँकेचा सर्व्हर बंद असेल, ॲपच्या नव्या व्हर्जनमध्ये बग असेल, एखाद्या जुन्या अँड्रॉइडवर अडचण असेल, नेटवर्क खराब असेल. ही सर्व कारणे शक्य कोटीतली आहेत, पण अशी यादी पेमेंटच्या क्षेत्रातला कोणीही झोपेतून उठवल्यावर देऊ शकतो. मुलाखत घेणाऱ्याला यादी नको असते. पुढचा प्रश्न कोणता विचारायचा हे उमेदवाराला कळते का, एवढेच तो पाहत असतो. मी त्याला थांबवून विचारले, "हा ९० टक्के आकडा कशाला कशाने भागून आला?"

"यशस्वी पेमेंट भागिले एकूण पेमेंट," तो म्हणाला.

"एकूण म्हणजे कोणती?"

इथे तो थबकला, आणि माझ्या मते त्या दुपारचे खरे काम तिथून सुरू झाले. छेदात प्रत्येक प्रयत्न मोजला आहे की प्रत्येक ग्राहक? पिन टाकण्याआधीच ॲप बंद करणारे त्यात धरले आहेत का? पेंडिंग राहून नंतर पूर्ण झालेले व्यवहार कुठे गेले? त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत मी बोर्डावर माहिती लिहीत गेले. छेदात प्रत्येक प्रयत्न होता, पेंडिंग व्यवहार अंतिम निकाल लागल्यावरच मोजलेले होते. मग त्याने अपयशांची विभागणी मागितली. यूपीआयमध्ये अपयशाचे दोन ढोबळ वर्ग करतात. बँकेची किंवा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा प्रतिसाद देऊ शकली नाही तर तो टेक्निकल डिक्लाइन. ग्राहकाने चुकीचा पिन टाकला, खात्यात पैसे नव्हते किंवा मर्यादा ओलांडली गेली तर तो बिझनेस डिक्लाइन. टेक्निकल डिक्लाइन दोन्ही आठवड्यांत जवळपास सारखेच आहेत आणि वाढ बिझनेस डिक्लाइनमध्ये आहे, असे मी सांगितले. त्या एका उत्तराने त्याच्या मूळ यादीतील सर्व्हर, बग आणि नेटवर्क ही तिन्ही कारणे एकदम बाजूला पडली.

पुढची विभागणी त्याने पेमेंटच्या प्रकारानुसार मागितली, आणि मी ठरवून ठेवलेले गोल आकडे बोर्डावर मांडले. मागच्या आठवड्यात माणसाने स्वतः पिन टाकून केलेले १,००,००० प्रयत्न होते, त्यांतील ९६,००० यशस्वी झाले. ऑटोपेचे, म्हणजे ग्राहकाने पैसे कापून घेण्याची आगाऊ परवानगी किंवा मँडेट एकदा दिल्यावर हप्ता किंवा सबस्क्रिप्शनसाठी आपोआप होणाऱ्या वसुलीचे, ५,००० प्रयत्न होते आणि ३,००० यशस्वी झाले. या आठवड्यात पिनचे आकडे तेच राहिले, पण ऑटोपेचे प्रयत्न २०,००० झाले आणि त्यांतील १२,००० यशस्वी झाले.

तो मार्कर घेऊन बोर्डापाशी गेला. पिनच्या व्यवहारांत ९६ टक्के आणि ९६ टक्के. ऑटोपेमध्ये ६० टक्के आणि ६० टक्के. मग त्याने बेरीज केली : आधी १,०५,००० पैकी ९९,०००, आता १,२०,००० पैकी १,०८,०००. म्हणजे ९४.३ आणि ९०. काही क्षण तो नुसता बोर्डाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, काहीच घसरलेलं नाही."

बरोबर होते. दोन्ही प्रकारांचा दर जागच्या जागी होता, फक्त कमी दराच्या प्रकाराचा एकूणातील वाटा वाढला होता, आणि त्यामुळे एकत्रित सरासरी खाली आली होती. मेट्रिक्सच्या प्रश्नांत ही गोष्ट फार वेळा लपलेली असते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे : तुकडे करून पाहिल्यावर कोणत्याच तुकड्यात घसरण दिसत नसेल, तर दर सोडून वाट्याकडे पाहायचे. वाटा का वाढला, याचे उत्तर त्याला कॅलेंडरने दिले. हा महिन्याचा पहिला आठवडा होता. कर्जाचे हप्ते, एसआयपी आणि सबस्क्रिप्शन यांच्या तारखा याच दिवसांत दाटलेल्या असतात. मागच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याशी तुलना करून पाहायला हवी, हे त्याने स्वतःच सुचवले. तो दरही ९० च्या आसपासच होता, असे मी सांगितले.

बहुतेक उमेदवार इथे सुटकेचा निःश्वास टाकून थांबतात. तोही थांबला. पण ज्या मुलाखतकाराला उमेदवार खरोखर जोखायचा असतो तो इथेच विचारतो की ऑटोपेचा ६० टक्के दर हा तरी ठीक आहे का. प्रॉडक्ट सेन्सचा भाग इथून उगवतो. त्यासाठी "अंध व्यक्तीसाठी गजराचे घड्याळ बनवा" असला स्वतंत्र प्रश्न विचारायची गरज मला कधी वाटलेली नाही.

त्याने पुन्हा छेद तपासला, आणि यावेळी मला सुचवावे लागले नाही. वसुली फसली की रिट्राय होतो. एनपीसीआयच्या ऑगस्ट २०२५ पासूनच्या नियमांनुसार एका वसुलीसाठी मूळ प्रयत्नानंतर जास्तीत जास्त तीन रिट्राय करता येतात. तेव्हा २०,००० प्रयत्न म्हणजे २०,००० ग्राहक नव्हेत. मी सांगितले की या आठवड्यात वसुलीला आलेली मँडेट १४,००० आहेत. १२,००० पहिल्याच प्रयत्नात पार पडली आणि २,००० चारही वेळा फसली. बारा हजार अधिक आठ हजार, वीस हजार. म्हणजे प्रयत्नांच्या हिशेबाने ६० टक्के, पण मँडेटच्या हिशेबाने सुमारे ८६ टक्के. पहिला आकडा यंत्रणेवरचा भार सांगतो, दुसरा ग्राहकाचे काय झाले ते सांगतो. डॅशबोर्डवर दोन्ही हवेत, पण प्रॉडक्ट मॅनेजरने डोळा ठेवायचा तो दुसऱ्यावर.

आता प्रश्न उरला तो त्या २,००० मँडेटचा. ही माणसे कोण असतील, असे विचारल्यावर त्याने आधी "२५ ते ३५ वयोगटातील शहरी वापरकर्ते" अशी साच्यातली ओळ म्हटली. मग स्वतःच हसला आणि चाकणच्या एका कंपनीत काम करणाऱ्या आपल्या चुलतभावाबद्दल बोलू लागला. त्याचा पगार सात तारखेला होतो आणि फोनचा हप्ता पाच तारखेला जातो. पाच तारखेला खात्यात पैसे नसतात, आणि पैसे येण्याआधीच चारही प्रयत्न संपलेले असतात. वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना पाठवणे बंधनकारक असल्यामुळे त्याला मेसेज येतोही, पण तो मेसेज वाचून त्याने करायचे काय? वयोगटाच्या ओळीपेक्षा या एका माणसातून उपाय पटापट निघाले. सूचनेतच "खात्यात अमुक रक्कम ठेवा" असे ठळक सांगून दुसऱ्या खात्यातून पैसे वळते करण्याची सोय देणे हा एक. मँडेट देताना किंवा बदलताना वसुलीची तारीख ग्राहकाला निवडू देणे हा दुसरा. पण त्यासाठी हप्ता घेणाऱ्या कंपनीची संमती आणि तिच्या प्रणालीतील बदल लागणार.

प्राधान्य ठरवण्यासाठी त्याने राइस पद्धत घेतली : रीच, इम्पॅक्ट आणि कॉन्फिडन्स यांचा गुणाकार भागिले एफर्ट. सूचनेसाठी त्याने रीच १४,००० धरला, इम्पॅक्ट ०.५, कॉन्फिडन्स ८० टक्के आणि एफर्ट एक मनुष्य-महिना. उत्तर ५,६००. तारखेसाठी रीच २,०००, इम्पॅक्ट २, कॉन्फिडन्स ८० टक्के, एफर्ट चार मनुष्य-महिने. उत्तर ८००. सातपटीचा फरक पाहून तो खूश झाला.

"सूचना १४,००० लोकांना जाते हे खरं, पण तिचा उपयोग किती जणांना होणार?" मी विचारले.

उरलेल्या १२,००० जणांचे पैसे आधीही वेळेवर जातच होते. त्याने रीच २,००० केला आणि उत्तर ८०० आले. बरोबरी. राइसचे आकडे टीमसमोर मांडताना असा फुगलेला रीच मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो बहुधा ज्याला जे काम मनातून करायचे असते त्याच्याच रकान्यात फुगलेला असतो. शिवाय तारखेच्या उपायाला ८० टक्के कॉन्फिडन्स देणेही मला धाडसाचे वाटले, कारण बाहेरच्या कंपन्या तयार होतील की नाही हे आपल्या हातात नाही. तिथे ५० टक्के धरले तर उत्तर ५०० येते. पण हे आकडे असे हलवत बसण्यापेक्षा बरोबरी कशाने मोडायची हे त्याने बोलून दाखवावे, असे मी म्हटले.

त्याने दिलेले कारण मला आवडले. सूचना आधी करायची, कारण ती स्वस्त तर आहेच, पण तिच्यातून दुसऱ्या उपायाबद्दल काहीतरी कळते. ज्यांचे पैसे दुसऱ्या खात्यात पडून आहेत ते सूचना वाचून पैसे वळते करतील आणि २,००० चा आकडा खाली येईल. तो हलला नाही, तर त्या तारखेला माणसाकडे पैसेच नाहीत असे समजायला आधार मिळतो, आणि मग चार महिन्यांच्या कामासाठी हप्ता घेणाऱ्या कंपन्यांशी बोलणी करायला हातात पुरावा असतो. सोबत मँडेट रद्द करणाऱ्यांचे प्रमाणही पाहायचे, कारण सतत टोचणाऱ्या सूचनेने लोक मँडेटच काढून टाकू लागले तर फसलेल्या वसुली कमी दिसतील आणि आपण उगाच स्वतःची पाठ थोपटून घेऊ.

शेवटी मी त्याला एकच गोष्ट आकड्यात सांगायला लावली : किती फरक पडला नाही तर हे काम थांबवशील? त्याने निम्म्या ग्राहकांना नवी आणि निम्म्यांना जुनी सूचना दाखवायचे ठरवले. एकूण २,००० चे दोन भाग केले तर प्रत्येक बाजूला सुमारे १,००० फसलेली मँडेट येतील. दोन पगारचक्रांनंतर नव्या बाजूला ती ९०० च्या खाली गेली नाहीत तर सूचनेवर आणखी वेळ घालवायचा नाही, असे त्याने लिहिले. ९०० च का, असे मी विचारले. त्याहून लहान फरक महिन्या-महिन्याच्या नेहमीच्या चढउतारात हरवून जाईल असे वाटते, पण गेल्या काही महिन्यांचे आकडे पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, असे तो म्हणाला. मुलाखतीतही हे उत्तर याच शब्दांत दे, असे सांगून मी बोर्ड पुसायला घेतला, कारण पुढच्या मीटिंगची माणसे दाराशी येऊन उभी राहिली होती.