तीस टक्क्यांचे नऊ टक्के झाले तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे. कास्टिंगचं काम. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, माझे बाबा आणि धाकटे काका अशा तिघांनी ती उभी केली आणि पुढे तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. भांडवल तीस लाख, दहा रुपयांचा एक असे तीन लाख शेअर. आप्पांच्या घरात 1,20,000, काकांकडे 90,000, बाबांकडे 90,000. बाबा गेल्यावर त्यांचे शेअर माझ्या नावावर चढले. आप्पांची तेव्हा कुरकुर होती, "पोरीला कशाला त्यात गुंतवायचं? लग्न करून गेलेली ती." पण आईनं रेटून नाव लावून घेतलं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. सभासदांच्या रजिस्टरमध्ये ज्याचं नाव नाही, त्याला आधी नावासाठीच भांडावं लागतं.

त्यानंतर बोर्डावर आमच्या बाजूचं कुणी राहिलं नाही. वार्षिक सभेची नोटीस येईना, लाभांश तर कधीच नव्हता. दादाला, म्हणजे आप्पांच्या मुलाला, विचारलं की उत्तर ठरलेलं, "बसून बोलूया की, घाई काय आहे?" शेवटी एका ओळखीच्या सीएनं सांगितलं की दादाला विचारू नकोस, कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलला विचार. एका कंपनीसाठी शंभर रुपये भरले की तिनं सरकारकडे दाखल केलेली कागदपत्रं उघडतात. मी उघडली, आणि त्यात दोन फॉर्म सापडले.

पहिला SH-7. कंपनीचं अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर काढायची कमाल मर्यादा, पन्नास लाखांवरून एक कोटी केल्याचा. दुसरा PAS-3, म्हणजे नवे शेअर कुणाला दिले त्याचा तपशील. सात लाख नवे शेअर, दर्शनी किमतीला, दहा रुपयाला एक. सगळेच्या सगळे दादाच्या नावावर. एकूण शेअर झाले दहा लाख. त्यात माझे 90,000 म्हणजे नऊ टक्के.

कंपनीचा त्या वर्षीचा ताळेबंद पोर्टलवरच होता. निव्वळ मालमत्ता साधारण सहा कोटी. तीन लाख शेअरनी भागली तर एका शेअरमागे दोनशे रुपये, आणि माझ्या वाट्याला एक कोटी ऐंशी लाख. नवे सत्तर लाख आल्यावर झाले सहा कोटी सत्तर लाख, पण भागायचं दहा लाखांनी. शेअरमागे सदुसष्ट रुपये, माझा वाटा साठ लाखांच्या आसपास. कुणी माझा एक शेअरही काढून घेतला नव्हता, तरी सव्वा कोटीला जरा कमी एवढं मूल्य दुसऱ्या घरात गेलं होतं. हा हिशेब मी कागदावर मांडून वकिलांना दिला आणि पुढं तोच अर्जाचा कणा झाला.

आईचं म्हणणं होतं की बेळगावच्या कोर्टात दावा लाव, इथल्या इथं. ते होत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 430 नुसार जे काम कंपनी न्यायाधिकरणाचं, म्हणजे एनसीएलटीचं, त्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही. आणि पीठ ठरतं ते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून. आमचं बेळगावात, म्हणून बेंगळूर. कागलच्या पलीकडे असतं तर मुंबई.

बेंगळूरच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत दडपशाहीविरुद्धच्या अर्जातल्या अर्ध्या तक्रारी खोडल्या. लाभांश दिला नाही, हा नुसता दडपशाहीचा मुद्दा होत नाही. मला संचालक केलं नाही, हाही नाही. टाटा आणि सायरस मिस्त्री प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की केवळ संचालकपद गेलं म्हणून दडपशाही ठरत नाही. कलम 241 खाली दाखवावं लागतं ते हे की कंपनीचा कारभार सभासदाला किंवा कंपनीला बाधक, जाचक पद्धतीनं चाललाय. शिवाय कलम 242 ची आणखी एक अट आहे, जी ऐकताना उलटी वाटते. कंपनी गुंडाळण्याइतकं न्याय्य कारण आहे हे दाखवायचं, आणि गुंडाळली तर माझंच नुकसान होईल हेही दाखवायचं. फाउंड्री चालू होती, भट्टीला ऑर्डर होत्या. गुंडाळून लोखंडाच्या भावानं विकली तर कुणालाच काही मिळालं नसतं. आणि न्याय्य कारण कुठलं? तर ही कंपनी खरं म्हणजे तीन भावांची भागीदारीच होती, एकमेकांवरच्या विश्वासावर चाललेली, आणि तो विश्वास मोडला.

त्यासाठी बाबांच्या कपाटातला तिघा भावांचा जुना करार कामी आला. मोठा निर्णय तिघांच्या संमतीनं, असं त्यात लिहिलेलं. तो कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या नियमावलीत, कधी घातला गेला नव्हता, त्यामुळे कंपनीवर थेट बंधनकारक म्हणून चालला नसता, पण भागीदारीचा पुरावा म्हणून चालला. तो मराठीत, जमिनीचे उतारे कानडीत, आणि न्यायाधिकरणाला सोबत इंग्रजी भाषांतर लागतं. सीमाभागातल्या माणसानं हा खर्च आणि वेळ आधीच धरून ठेवावा.

दुसऱ्या बाजूचा पहिला बचाव अपेक्षितच होता. कलम 244 प्रमाणे अर्ज करायला दहा टक्के भांडवल लागतं, हिचं नऊच आहे, अर्ज फेटाळा. याला दोन उत्तरं होती. एक, ज्या वाटपामुळे मी दहाच्या खाली गेले त्याच वाटपाला मी आव्हान दिलंय, मग त्याचाच आधार घेऊन मला दाराबाहेर कसं ठेवणार? दुसरं त्याहून सोपं. तेच कलम भांडवलाऐवजी डोकी मोजायलाही परवानगी देतं, एकूण सभासदांच्या एक दशांश. आमच्या कंपनीत सभासद पाच. आप्पा, काकू, दादा, काका आणि मी. पाचात मी एकटीच एक पंचमांश. हा मुद्दा तिथंच संपला. लहान घरगुती कंपन्यांत बहुतेकांना ही वाट मोकळी असते, पण टक्क्यांकडे बघून लोक आधीच घाबरतात. दोन्ही वाटा बंद असतील तर अट शिथिल करायचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. मुदतीचं भान मात्र हवं. वाटपानंतर तीन वर्षांच्या आत जावं, नंतर सगळं बोलणं उशिरावरच अडकतं.

पहिल्या टप्प्यात अंतरिम आदेश मिळाला. भागधारणा आणि स्थावर मालमत्ता आहे तशी ठेवा. तो मिळेपर्यंत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये मला झोप लागायची नाही, कारण तोवर दादा आणखी शेअर काढू शकत होता किंवा जागा गहाण टाकू शकत होता.

खरी लढत नोटिशीवर झाली. नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करायचे, असं कलम 62 म्हणतं. मला 2,10,000 शेअर, म्हणजे एकवीस लाखांचा देकार यायला हवा होता. तो रजिस्टर पोस्टानं, स्पीड पोस्टानं, कुरिअरनं किंवा ईमेलनं, पोचल्याचा पुरावा राहील असा पाठवावा लागतो. कंपनीनं काय दाखवलं? आवक-जावक रजिस्टरमधली एक ओळ, 'हस्ते पोच'. सही कुणाचीच नाही. भांडवल वाढवायच्या सभेची नोटीसही तशीच. आर्टिकल्समध्ये वेगळं काही नसल्यामुळे 21 दिवसांची नोटीस लागत होती. काकांनी मात्र आपला हक्क दादासाठी सोडल्याचं लिहून दिलं होतं, त्यामुळे त्यांना बोलायला जागाच नव्हती.

आणि पैशाचं कारण? नवी इंडक्शन भट्टी. भट्टी आली नाही. सत्तर लाख कंपनीच्या खात्यात आले आणि थोड्याच दिवसांत मोठा भाग दादाच्याच दुसऱ्या फर्मला 'आगाऊ' म्हणून गेला, हे बँकेचे उतारे हजर करायला लावल्यावर दिसलं. कंपनीला पैसे नको होते, दादाला बहुमत हवं होतं. डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असंच वाटप रद्द केलं होतं. शेअर वाटायचा अधिकार संचालकाकडे विश्वस्ताच्या नात्यानं असतो, स्वतःचं पारडं जड करायला नाही. फक्त नोटिशीची चूक असती तर ती तांत्रिक ठरून सुटली असती. चूक आणि हेतू दोन्ही एकत्र दिसले म्हणून ते जाचक ठरलं.

जे सिद्ध झालं नाही तेही सांगते. दादाच्या फर्मला कंपनी स्वस्तात जॉबवर्क देते, असा आमचा दुसरा आरोप होता. बाजारात सगळ्यांना माहीत आहे, पण कागद नाही. सभासदाला सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि सभासदांचं रजिस्टर बघता येतं, हिशेबाच्या वह्या आणि बोर्डाची इतिवृत्तं नाही. ताळेबंदाच्या टिपांतल्या एकरकमी आकड्यावरून दर कमी होता हे कसं दाखवणार? फोरेन्सिक ऑडिटची मागणी आणि दादाला काढायची मागणी, दोन्ही नाकारल्या गेल्या. आईला फार लागलं ते. मला नाही. चालू कारखान्याचा चालक काढायला न्यायाधिकरण फारसं धजत नाही, आणि उद्या तिथं बसून भट्टी चालवणार कोण, हा प्रश्न मलाही टाळता आला नसता.

आदेश झाला तो असा. सात लाखांचं वाटप रद्द. दादाचे पैसे कंपनीनं परत करायचे, त्यातून त्याच्या फर्मचा आगाऊ वळता करून. मी बाहेर पडायचं आणि आप्पांच्या घरानं माझे शेअर घ्यायचे, स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांककानं ठरवलेल्या भावानं. भावापेक्षा तीन वाक्यं महत्त्वाची होती आणि ती आमच्या वकिलांनी मागून घेतली. मूल्यांकन अर्ज दाखल केल्याच्या तारखेचं. वाटप झालंच नाही असं धरून, म्हणजे तीस टक्क्यांवर. आणि अल्पमताची सूट, म्हणजे बहुमत नाही म्हणून भावात धरायची घट, न कापता, कारण भागीदारीसारख्या कंपनीतून मी खुशीनं निघत नव्हते. उद्यमबागेची जागा वहीत जुन्या खरेदीभावानं होती. मूल्यांककानं ती अर्जाच्या तारखेच्या बाजारभावानं धरली आणि शेअरमागे तीनशे दहा रुपये काढले. दोन कोटी एकोणऐंशी लाख.

दादा अपिलात गेला. अपील न्यायाधिकरणाचं, म्हणजे एनसीएलएटीचं, चेन्नई पीठ, पंचेचाळीस दिवसांची मुदत. तिथं तडजोड झाली. रक्कम तीच, हप्ते मात्र तीन. आप्पांनी फोनवर एवढंच म्हटलं, "पैसे घे, पण आईला घेऊन गणपतीला ये."

अडलं ते एका जागी. कंपनीच्या कॅश क्रेडिटला आमचं शहापूरचं घर तारण होतं, बाबांनी दिलेलं. बँक खटल्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे तडजोडीनं ती बांधली जात नव्हती. शेअर देऊन टाकले असते तर कंपनी दादाची आणि जोखीम आमच्या घरावर, असं झालं असतं. म्हणून अटीत क्रम घातला. पहिल्या हप्त्यासोबत बदली तारण द्यायचं, बँकेचं मुक्तिपत्र आणि घराचे मूळ कागद हातात आल्यावरच मी शेअर हस्तांतराच्या SH-4 फॉर्मवर सही करायची, आणि तिसरा हप्ता येईपर्यंत तो फॉर्म दोन्ही वकिलांच्या ताब्यात राहायचा. बँकेनं मुक्तिपत्र द्यायला दुसरा हप्ता उलटला. तोवर सही झाली नाही, आणि दादानं बँकेत जेवढी घाई केली तेवढी त्यानं कधी वार्षिक सभेसाठी केली नव्हती.