पीपीटी झालं, आता ब्लॅक बुक

“पीपीटी तर रेडी आहे, गाईडनी ओके पण केलंय. तेच वर्डमध्ये टाकून रिपोर्ट होईल ना? चॅप्टर कसे पाडायचे?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वीस स्लाइड वर्डमध्ये टाकल्या की वीस पानं होतात, रिपोर्ट होत नाही. स्लाइडवर फक्त निष्कर्ष असतो. त्यामागचं कारण तुम्ही उभं राहून तोंडी सांगितलेलं असतं. ब्लॅक बुकमध्ये नेमकं ते बोलणं लिहायचं असतं. म्हणून आधी प्रत्येक स्लाइडच्या नोट्समध्ये दोन गोष्टी टाका: तिथे तुम्ही काय बोललात, आणि रिव्ह्यूला गाईडनी काय विचारलं. गाईडचा प्रत्येक प्रश्न म्हणजे रिपोर्टमधलं एक उपशीर्षक.

आपल्याकडे हमखास दिसणारा प्रोजेक्ट घेऊ: मातीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करणं. स्लाइडवर चार चौकोन असतात: सेन्सर, ईएसपी३२, रिले, पंप. या एका स्लाइडचे दोन चॅप्टर होतात. डिझाइनच्या चॅप्टरमध्ये ‘हेच का’ याचं उत्तर येतं आणि इम्प्लिमेंटेशनमध्ये ‘कसं जोडलं, कसं चाललं’ याचं.

डिझाइनमध्ये कपॅसिटिव्ह सेन्सर का घेतला ते लिहा: रेझिस्टिव्हचे उघडे पाय ओल्या मातीत गंजतात आणि रीडिंग सरकत जातं. पंप कितीला चालू आणि कितीला बंद, हेही इथेच. दोन्हीला एकच आकडा ठेवला तर त्या आकड्याच्या आसपास रिले सारखा टकटक करतो. म्हणून ३० टक्क्यांखाली चालू आणि ५० च्या वर बंद, असं अंतर ठेवतात. स्लाइडवर नुसतं ‘थ्रेशोल्ड ३०%’ असतं. हे कारण रिपोर्टमध्ये अर्धं पान घेतं आणि तेच वाचण्यासारखं असतं.

इम्प्लिमेंटेशनमध्ये पिनांचा तक्ता द्या आणि अडलेलं लपवू नका. सेन्सर `GPIO25` ला जोडला होता, वायफाय सुरू झाल्यावर रीडिंग बिघडलं, मग `GPIO34` वर नेला. असं घडलं असेल तर कारणासकट लिहा: ईएसपी३२ मध्ये वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिनांवर अॅनालॉग रीडिंगचा भरवसा नसतो, `GPIO34` एडीसी१ वर आहे. एक्स्टर्नलना अशा परिच्छेदावरून कळतं की सर्किट तुम्हीच जोडलंय.

कॅलिब्रेशनला स्वतंत्र उपशीर्षक द्या. समजा, कोरड्या मातीत रीडिंग २८०० आलं आणि पाणी धरलेल्या मातीत १२००. मग

```
M = (dry - reading) / (dry - wet) * 100
```

या सूत्राने २००० रीडिंगला ५० टक्के येतात. पण हे ५० टक्के म्हणजे मातीत निम्मं पाणी असं नाही. तुम्ही ठरवलेल्या दोन टोकांमधली ती फक्त मधली जागा आहे. एवढं एक वाक्य लिहिलं नाही तर व्हायव्हात प्रश्न तिथेच येतो. वेळ असेल तर सिव्हिलच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये मातीचा नमुना १०५ अंशांना रात्रभर सुकवा, आधीचं-नंतरचं वजन घ्या आणि तो ओलावा सेन्सरच्या आकड्याशेजारी तक्त्यात ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ रिझल्टमध्ये होतो. स्लाइडवर ‘४०% पाणी वाचलं’ असं मोठ्या अक्षरात असतं. कशाच्या तुलनेत? एकाच मापाच्या दोन कुंड्या, तीच माती, तेवढेच दिवस, एकीला हाताने पाणी आणि दुसरीला तुमची सिस्टीम, असं केलं असेल तरच ते वाक्य ठेवा. केलं नसेल तर काढा आणि जे मोजलंय ते लिहा. पंपाने एक लिटरचा जार ४० सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला दीड लिटर. लॉगमध्ये पंप एकूण ६ मिनिटं चालू दिसतोय, म्हणजे साधारण ९ लिटर. आकडा छोटा आहे, पण त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. आणि कुंडीवरच्या प्रयोगावरून एकराचा हिशोब मांडू नका.

इंट्रोडक्शन आणि अॅबस्ट्रॅक्ट शेवटी लिहा. बहुतेक रिपोर्टांत पहिले दोन चॅप्टर तीस पानांचे आणि रिझल्ट चार पानांचा, कारण सुरुवात तिथून होते आणि दम तिथेच संपतो. लिटरेचर सर्व्हेच्या स्लाइडवरचा तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका. प्रत्येक पेपरमध्ये काय राहून गेलं आणि तुम्ही त्यातलं काय उचललं, हे दोन-तीन ओळींत लिहा. सिनॉप्सिसमधलं ‘विल बी’ शोधून काढा. जे करून झालंय ते भूतकाळात हवं.

स्लाइडचे स्क्रीनशॉट नकोत, काळ्या बॅकग्राउंडवरची पांढरी अक्षरं झेरॉक्समध्ये चिखल होतात. ब्लॉक डायग्राम पांढऱ्यावर पुन्हा काढा, ग्राफ एक्सेलमधून थेट घ्या. आकृत्यांचे नंबर हाताने टाइप न करता `Insert Caption` ने द्या, आणि पीडीएफ करण्याआधी `Ctrl+A` मग `F9` दाबा, नाहीतर अनुक्रमणिकेत जुने पान नंबर राहतात. बाइंडिंगवाल्याकडे पेनड्राइव्हवर वर्डची फाइल देऊ नका. त्याच्या मशीनवर फाँट बदलतो आणि तक्ते पुढच्या पानावर जातात.