तीर्थप्रसादापुरतं

आमच्या आईला नाही म्हणायची एक हातोटी होती. श्रावणात वाड्यातल्या कुणीतरी सत्यनारायणाचं आमंत्रण घेऊन यायचं, "जेवायलाच या सगळे," म्हणायचं. आई म्हणायची, "जेवायला नाही हो जमायचं, यांची दुसरी पाळी आहे. पण मी सातला तीर्थप्रसादाला येऊन जाते. पानं मात्र वाढून ठेवू नका." आणि सातला खरंच जायची, फुलपुडी घेऊन. चप्पल काढून आत बसायची, आरतीला टाळ्या वाजवायची, शिरा खायची आणि वीस मिनिटांत घरी. कुणालाही ती आली नाही असं वाटलं नाही.

मी मात्र भोसरीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बसून 'Decline' एवढं एक बटण दाबलं आणि खरेदी विभागातल्या एका सरांनी माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं.

झालं असं की १९ तारखेला दुपारी ३ ते ४ अशी मीटिंग त्यांनी लावली. विषय 'व्हेंडर पेमेंट्स – चर्चा'. बोलावलेले नऊ जण. अकाउंट्सच्या माणसाला १९ तारीख म्हणजे काय, हे अकाउंट्सच्याच माणसाला कळतं. जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत भरायचं असतं आणि आदल्या दुपारी हमखास एखादं बिल आकड्यात बसत नसतं. मी काहीही न लिहिता नकार पाठवला. माझ्या मते मी फक्त माझी दुपार वाचवली होती. त्यांच्या मेलमध्ये मात्र माझं नाव आणि त्याच्यापुढे 'Declined', एवढंच गेलं. दारात आमंत्रण घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावावं, तसं.

पुढच्या महिन्यात तेच आमंत्रण, तीच १९ तारीख. या खेपेला मी बटणाला हातच लावला नाही. आधी फोन केला. "सर, आमंत्रण बघितलं. माझ्याकडून नक्की काय ठरवून हवंय?" हा प्रश्न विचारताना आवाज सांभाळावा लागतो. तोच प्रश्न जरा वरच्या पट्टीत गेला की 'माझं तिथे काय काम?' असा ऐकू येतो. सर दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि मग खरे दोन प्रश्न निघाले. एक, लहान पुरवठादारांपैकी कुणाचे ४५ दिवस भरत आलेत? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे त्यापलीकडे थकवता येत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी रास्त होती. दुसरा, एका पुरवठादाराचा निम्मा माल खराब म्हणून परत गेला होता. त्याचं पूर्ण बिल थांबवायचं, की परत गेलेल्या मालाची रक्कम वजा करणारी डेबिट नोट काढून उरलेल्याचे पैसे सोडायचे?

पहिल्या प्रश्नाला मीटिंग लागतच नव्हती, यादी लागत होती. दुसऱ्याला बोलणं लागणार होतं, पण नऊ जणांचं नाही. सर, मी आणि गुणवत्ता तपासणीतला एक जण. मग मी लिहिलं:

"सर, फोनवर बोललो त्याप्रमाणे ४५ दिवसांची यादी सोबत जोडली आहे, पाच नावं आहेत, पहिल्या दोघांचे पैसे याच आठवड्यात सोडते. परत गेलेल्या मालाबद्दल बोलायलाच हवं. उद्या ३बी भरायचं असल्यामुळे आज तीनला तासभर बसता येणार नाही. २१ला सकाळी ११.३० ते ११.४५ तुमच्या टेबलाशी येऊ का? तपासणीचा रिपोर्ट आणि बिल मी घेऊन येते. आजच ठरायला हवं असेल, तर तीनला पहिली १५ मिनिटं येते, तेवढा विषय आधी घ्या."

हे मी तीनदा लिहून खोडलं, तेव्हा कुठे जमलं. पहिल्या खर्ड्यात 'सध्या खूप बिझी आहे' असं होतं. ते काढलं. बिझी कोण नाही? बोलावणारा काय रिकामा बसून बोलावतोय? आई 'वेळ नाही' कधी म्हणाली नाही, 'यांची दुसरी पाळी आहे' म्हणाली. खरं, नेमकं कारण असलं की समोरच्याला त्याच्यावर रुसता येत नाही. दुसऱ्या खर्ड्यात 'थोडक्यात बोलूया का कधीतरी' होतं. 'कधीतरी' म्हणजे नाहीच, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. 'या एकदा घरी' म्हणणाऱ्यांच्या घरी आपण किती वेळा गेलो, ते आठवावं. आणि शेवटचं 'आजच हवं असेल तर' हे वाक्य मुद्दाम ठेवलं. घाई त्यांची आहे की नाही, हे मी का ठरवायचं?

सगळ्यात जास्त काम केलं ते मात्र सोबत जोडलेल्या यादीनं. ती माझी फुलपुडी.

कॅलेंडरात 'Propose new time' अशी सोयही असते. ती मी टाळली. तिनं सुचवलेली वेळ ही सगळ्या मीटिंगचीच नवी वेळ होते. मला नऊ जणांची पंगत हलवायची नव्हती, माझं एक पान कमी करायचं होतं. शिवाय तो तास तरी सरांनी कुठे मोजून घेतला होता? कॅलेंडरातला चौकोनच तासाचा असतो, माणूस त्यात विषय भरत जातो. गूगलच्या कॅलेंडरात 'Speedy meetings' नावाचं सेटिंग आहे, ते लावलं की तासाची मीटिंग आपोआप ५० मिनिटांची आणि अर्ध्या तासाची २५ची होते. निदान पाणी प्यायला दहा मिनिटं सुटतात.

२१ तारखेला गेले. पंधराची पंचवीस मिनिटं झाली, कारण परत गेलेल्या मालाचं चलन आणायला मीच विसरले होते आणि ते शोधण्यात दहा गेली. छोटी भेट मागणाऱ्यानं कागद जय्यत तयार ठेवावेत, नाहीतर नकारही वाईट आणि भेटही वाईट. पण डेबिट नोट काढायची, हे ठरलं. सर म्हणाले, "चहा घ्या." घेतला. खुर्चीत नीट बसून घेतला, दारात उभी राहून नाही.

हे सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. आमच्याकडची नवीन मुलगी परवा म्हणाली, "मॅडम, अर्धा तास वेळ द्याल का?" विषय लिहिला नव्हता. तिला मी 'प्रश्न काय ते कळव, दहा मिनिटांत बघू' म्हटलं नाही. विषय लिहिता येत नाही, म्हणूनच काही जण वेळ मागतात. तिचे पाऊण तास झाले आणि त्यातला हिशेबाबद्दलचा भाग पाच मिनिटांचा होता.

गेल्या महिन्यात ऑडिटच्या तयारीसाठी मीच एक मीटिंग लावली. चौकोन आला तसा ठेवला, तासाचा. सरांचं उत्तर आलं, "मॅडम, स्टॉकची यादी सोबत जोडली आहे. बाकी काय ठरवायचं आहे ते कळवा, उद्या चारला १५ मिनिटं येतो."

वाचून क्षणभर मनात आलंच, एवढा काय भाव खायचा! मग कागद घेऊन बाकीचे प्रश्न लिहायला बसले. एकच निघाला.