एकूण हजेरी ८२ टक्के, आणि तरीही परीक्षेला धोका

ताईचं लग्न पुण्याला होतं आणि मला एक आठवडा कॉलेज बुडवायचं होतं. इंदूरच्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. करते, तिथे अर्ज लिहिणं, आईबाबांची सही आणणं, वर्गशिक्षकांना दाखवणं हे सगळं पटापट झालं. घोडं अडलं ते ऑफिसच्या खिडकीवर.

खिडकीतल्या भैयांनी पोर्टल उघडलं आणि म्हणाले, "८२ परसेंट है, जाओ, आराम से शादी करो." मी म्हटलं, भैया, हे सगळ्या विषयांचं मिळून झालं, मला प्रॅक्टिकलचं वेगळं हवंय. कारण आमच्या नियमपुस्तिकेत स्वच्छ छापलंय की ७५ टक्के प्रत्येक विषयात हवेत, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. त्यावर उत्तर, "वो एचओडी बताएंगे." एचओडी म्हणाले, आधी ऑफिसकडून हजेरीची स्लिप आण. ऑफिस म्हणे, स्लिप कसली, पोर्टल बघा. या चकरांत माझा जो वेळ गेला, तेवढ्यात दोन लेक्चरं सहज बसली असती!

शेवटी मी लॅब असिस्टंट काकांकडे जाऊन केमिस्ट्री प्रॅक्टिकलचं रजिस्टरच पाहिलं. दर बुधवारी एक प्रॅक्टिकल, आतापर्यंत झालेली ७, त्यातली माझी ५. म्हणजे ७१ टक्के. थिअरीच्या लेक्चरांची संख्या इतकी मोठी असते की प्रॅक्टिकलचे दोन खाडे एकूण टक्क्यांत दिसतच नाहीत.

पण आजचा टक्का बघून घाबरायचं नसतं आणि खूशही व्हायचं नसतं. सेमिस्टर संपताना एकूण किती तास झालेले असतील, ते आधी काढायचं. त्याचा पाव भाग म्हणजे चालणारे खाडे. अपूर्णांक आला तर सोडून द्यायचा, कारण पाऊण खाडा असा काही प्रकार नसतो. त्यातून आधीचे खाडे वजा केले की उरेल तेवढीच आपली मोकळीक. वेळापत्रकाप्रमाणे माझी प्रॅक्टिकलं १२ होणार होती, म्हणजे ३ खाडे चालतात. २ झालेले, एक उरला. लग्नाच्या आठवड्यात एकच बुधवार होता, म्हणजे बसत होतं.

मग आई म्हणाली, "अगं, लग्नाच्या पुढच्या बुधवारी रंगपंचमी आहे ना?" राजवाड्यावरून गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते त्या दिवशी इंदुरात कोण प्रॅक्टिकल घेणार! सुट्टीचं प्रॅक्टिकल भरून काढलं नाही तर एकूण ११ राहतात. ११ चा पाव पावणेतीन, म्हणजे चालणारे खाडे दोनच, आणि ते माझे आधीच झालेले. लग्नाचा बुधवार बुडवला असता तर शेवटी ११ पैकी ८, म्हणजे ७२.७ टक्के. सुट्टी मिळाली की आपला फायदा असं वाटतं, पण इथे सुट्टीनेच माझा खाडा खाल्ला. म्हणून एकूण तास नेहमी हात आखडता घेऊनच धरा.

थिअरीत त्रास नव्हता. ३६ पैकी ७ बुडलेले आणि एकूण ६० व्हायचे. कमीत कमी ५२ होतील असं धरलं तरी १३ खाडे चालतात, म्हणजे ६ शिल्लक, आणि आठवड्यात जाणार होते ४.

हा हिशोब कागदावर मांडून मी प्रॅक्टिकलच्या मॅडमकडे गेले. त्यांनी दोन मिनिटांत मार्ग काढला: सोमवारच्या बॅचबरोबर तेच प्रॅक्टिकल करून घे. सोमवारी टायट्रेशन केलं, मंगळवारी निघाले. मात्र दुसऱ्या बॅचबरोबर केलेल्या प्रॅक्टिकलची हजेरी आपल्या बॅचच्या रजिस्टरमध्ये चढली का, हे डोळ्यांनी बघून घ्या. माझी चढली नव्हती. मॅडमना तिथेच सांगून बुधवारच्या रकान्यात नोंद आणि सही करून घेतली.

हो, एक राहिलंच. अर्ज मंजूर झाला म्हणजे त्या दिवसांची हजेरी लागते असं आमच्या वर्गात निम्म्यांना वाटतं. तसं नाही. मंजूर रजेमुळे फक्त विचारणा होत नाही, गैरहजेरी गैरहजेरीच राहते. कॉलेजनेच खेळायला किंवा एनसीसी कँपला पाठवलं तर आमच्याकडे हजर धरतात. आजारपणाच्या सर्टिफिकेटने तूट माफ करण्याचा विचार होतो, तोही वरच्यांच्या मर्जीने. लग्न यातल्या कशातच बसत नाही.

आणि कुणी आधीच ७५ च्या खाली असेल तर झालेल्या तासांची तिप्पट करा, त्यातून हजर तासांची चौपट वजा करा. उरेल तितके तास सलग बसावं लागतं. ३६ पैकी २४ असतील तर १०८ वजा ९६, म्हणजे १२. सेमिस्टरचे तितके तास उरलेच नसतील, तर रजेचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी एचओडींना भेटा.

मी परतले तेव्हा खिडकीतले भैया म्हणाले, "देखा, कुछ हुआ क्या?" मी काही बोलले नाही. हॉल तिकीट त्यांच्याच हातून घ्यायचं होतं.