तीन हजार पौंड कुठे गेले?

जेन ऑस्टेनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वर (१८११) मार्क्सवादी अंगाने निबंध लिहायला घेतला, तेव्हा आधी सगळ्या रकमा वहीत उतरवल्या. जॉन डॅशवूडची सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणी यांच्याकडे मिळून १०,००० पौंड, त्यांचं वर्षाचं उत्पन्न साधारण ५००. जॉनला स्वतःच्या उत्पन्नाखेरीज नॉरलंडच्या इस्टेटीचे वर्षाला ४,०००. कोण कोणावर अवलंबून, हे एवढ्यावरून कळतं. पण ‘जसा वर्ग तसा स्वभाव’ म्हणून तिथेच थांबले असते, तर तो परिच्छेद दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला चिकटवता आला असता. असं उचलून दुसरीकडे लावता येईल ते प्रत्येक वाक्य मी खोडत गेले.

मग दुसऱ्या प्रकरणावर ठाण मांडलं. जॉनने मरणाऱ्या वडिलांना शब्द दिलाय आणि बहिणींना एकेक हजार द्यायचं मनाशी ठरवलंय. बायको फॅनी बोलू लागते. हजाराचे पाचशे होतात, मग आईला शंभर पौंडांचं वर्षासन, मग अधूनमधून पन्नास, आणि शेवटी घर हलवायला मदत आणि हंगामात मासे-शिकारीची भेट.

प्रत्येक पायरीवर मी पाहिलं की फॅनी कशाच्या आधाराने बोलते. लेकराचं भविष्य, सावत्र नातं, नोकरांना वर्षासनं देताना आपल्या आईला झालेला त्रास. वर्षासनावर ती सर्वांत जास्त बोलते, कारण ते दरवर्षी द्यावं लागतं आणि मग आपला पैसा आपला राहत नाही. दुसऱ्याचा हक्क मालकाला स्वतःच्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो, तो नेमका इथे. शेवटी शेजारधर्मापलीकडे काही करणं अशोभनीयच ठरेल, असं जॉनला मनापासून पटतं. शिष्टाचाराची ही भाषा हाताशी नसती, तर त्याला दिलेला शब्द मोडता आला नसता.

मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८९० मध्ये योसेफ ब्लोखला लिहिलं होतं की आर्थिक घटक अखेरीस निर्णायक असतो, पण तोच एकमेव मानला तर विधान पोकळ होतं. हे मला या संवादात दिसलं. इस्टेट जॉनकडे येते ती मृत्युपत्राने. ती वाटली जात नाही, ते या बोलण्यातून.

निबंधाचा शेवट तेहतिसाव्या प्रकरणावर केला. लंडनमध्ये जॉन बहिणीकडे, एलिनॉरकडे, रडगाणं गातो: नॉरलंडचं सामाईक रान कुंपणात घेण्याचा खर्च फार, त्यात शेजारचं शेतही विकत घेतलंय. मिळकत वाढतेय आणि बोलणं नुकसानीचं, अगदी दुसऱ्या प्रकरणासारखं. त्या रानावर ज्यांचा वापराचा हक्क होता, ते या तक्रारीत कुठेच नाहीत, आणि एलिनॉरही त्यांच्याबद्दल काही विचारत नाही.