'कोव्ह फुकट'च्या काळात : आमची वाटचाल

नागपुरात इतवारीतल्या भाड्याच्या खोलीत पीओपीच्या कॉर्निस ओतत धंदा सुरू झाला, मग जिप्सम बोर्ड आलं, आम्ही तेही शिकलो. ती वर्षं बरी गेली. खरी कसोटी लागली ती बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट उभे राहू लागले तेव्हा. एका शोरूमवाल्यानं फलक लावला, 'फॉल्स सीलिंगवर कोव्ह फुकट'. कोव्ह म्हणजे सीलिंगच्या कडेची खाच, तिच्यात दिवे लपवून उजेड वर स्लॅबवर टाकायचा. आमचे चांगले कारागीर त्यानं फोडले आणि गिऱ्हाईकही तिकडे वळलं. दुकानाचं भाडं थकलं, पुट्टीची किरकोळ कामं करून आम्ही तग धरला.

फुकट कसं होतं ते सांगतो. हॉल १२ बाय १४. चारही भिंतींलगत दोन फुटांचा पट्टा, मधे ८ बाय १० मोकळं. म्हणजे बोर्डाचं काम ८८ चौरस फूट. आमचा दर तेव्हा १०० रुपये, त्याचे ८,८००. आतल्या कडेनं कोव्ह ३६ रनिंग फूट, दीडशेनं ५,४००. एकूण १४,२००. तो दर सांगायचा ८५, पण टेप धरायचा भिंतीपासून भिंतीपर्यंत. १६८ चौरस फुटांचे झाले १४,२८०. मधल्या मोकळ्या जागेचेही पैसे, आणि वर नाव फुकटाचं!

त्या दिवसांत मानेवाड्याच्या एक शिक्षिकाकाकू आमच्याकडे आल्या. हॉल अगदी याच मापाचा, शेवटचा मजला, वर गच्ची, स्लॅब जेमतेम नऊ फूट. शोरूमचं कोटेशन पर्समध्येच होतं.

मी आमची फळी काढली. ही फळी म्हणजे प्लायची पट्टी, तिच्यावर एलईडी स्ट्रिप, समोर दोन इंचांचा ओठ. लेझर लेव्हल आमच्याकडे नंतर आली, पण फळी तिच्याहून जुनी आणि आजही ती आधी निघते. रात्री दोघांनी घोडीवर चढून ती स्लॅबखाली धरायची. स्ट्रिप आणि स्लॅब यांत सहा इंच असले तर उजेड आतपर्यंत पसरतो. काकूंकडे ते सहा इंच आणि त्याखाली बोर्डाच्या डब्याची उंची धरली की पट्टा सव्वाआठ फुटांवर येत होता, त्यांच्या थोरल्या मुलाचा हात लागेल इतका. म्हणून फळी तीन इंचांवर नेली, तर कडेला पांढरी रेघ उमटली आणि मधला भाग काळोखाच राहिला. शिवाय स्लॅबवरचा करणीचा प्रत्येक फटकारा दिसू लागला. असा कडेनं सरपटणारा उजेड पुट्टीतलं काहीच लपू देत नाही. वर चकचकीत रंग असेल तर स्ट्रिपचे ठिपकेसुद्धा आरशात दिसावे तसे दिसतात, म्हणून मॅटच हवा.

मग पंखा लावायला सांगितला. स्लॅबवरून परतणारा उजेड पात्यांमधून खाली येतो आणि सगळी खोली लुकलुकते. नागपुरात मार्चपासून पंखा बंद कोण ठेवतं?

"भाऊ, काम द्यायला आली मी, अन् तुम्ही नाही काहून म्हणून राहिले?" काकूंनी विचारलं.

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लोणा फुटला होता, गच्चीचं पाणी मुरत होतं. जिप्समनं तो डाग झाकला असता, दोन पावसाळ्यांत बोर्ड पिवळं पडून पोटातून उतरलं असतं. मग हिशेब मांडला. १४,२०० वर अकरा मीटर स्ट्रिप, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल आणि स्ट्रिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर यांचे ८,०००, स्लॅबची पुट्टी, रंग, वायरिंग यांचे ५,०००. एकूण २७,२००. एवढं करूनही पेपर वाचायला ट्यूबलाइट लागणारच. त्यांनी आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. नंतर पडद्यावर बारा फुटांचा पेल्मेट करून त्यात चार मीटरच्या आतली स्ट्रिप टाकली, उजेड खाली भिंतीवर. खर्च सहा हजारांच्या आसपास. आमच्या पदरात तेवढंच पडलं, पण काकूंनी शाळेतल्या निम्म्या स्टाफरूमला आमचा नंबर दिला. त्यांच्यावर दुकान उभं राहिलं.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. स्लॅब साडेनऊ फूट, वर कोरडं, कोपरे स्वच्छ असतील तर खुशाल करा. स्ट्रिप २४ व्होल्टची घ्या. १२ व्होल्टची लांब ओढली की शेवटचा कोपरा मंद आणि पिवळट दिसतो, दर पाच मीटरला वेगळी वायर द्यावी लागते. मीटरला १० वॅट धरले तर अकरा मीटरला ११० होतात, ड्रायव्हर १५० चा घ्या. आणि तो बोर्डावर पुरू नका, हात पोचेल अशा झाकणामागे ठेवा, कारण स्ट्रिपच्या आधी तोच जातो.

शोरूमवाल्याचे ड्रायव्हर सगळे बंद डब्यात आहेत. एक बदलायला बोर्ड कापावं लागतं, मग टेप, कंपाउंड, घासणं, रंग. त्याची गिऱ्हाइकं आता आम्हाला बोलावतात. आम्ही जातो, काम नीट करतो, आणि दर मुळीच कमी करत नाही.