नोंदीची राखण

"गूगलवर दुकान टाकाले पैसे लागत नाही मनते. मंग तुम्ही मयन्याले कायचे पैसे घेता ताई?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुकानदाराला पहिल्या भेटीतही मी हेच सांगते. दुकानाची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, करायला गूगल कुणाकडूनही एक रुपया घेत नाही. "गूगलमधून बोलतोय, फी भरा" असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने हे काम घेतलं, तर "नोंद फुकट आहे, पैसे माझ्या कामाचे आहेत" हे ग्राहकाला आधी सांगायचं, असा गूगलचाच नियम आहे. मी सुरुवातीच्या मांडणीचे 1500 घेते आणि पुढे महिन्याला 300. हे 300 नोंद करण्याचे नाहीत, नोंदीच्या राखणीचे आहेत. पीक उभं राहिल्यावर राखण लागते, तसंच हे.

एका दुकानावरून सांगते. आमच्या वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खोल गेलंय, म्हणून बोअर खोल आणि सबमर्सिबल मोटर घरोघरी. डिसेंबरमध्ये झाडांचं पाणी तोडून ताण देतात, आणि तो ताण तोडून जानेवारीत अंबिया बहाराला पाणी सुरू झालं, की कमी व्होल्टेजवर मोटरी जळायला लागतात. झाडावर फूल आलंय आणि मोटर जळाली, अशा वेळी शेतकरी चार जणांना विचारत बसत नाही. फोन काढतो आणि बोलतो, "मोटर रिवायंडिंग जवळ." ज्या काकांबद्दल सांगतेय त्यांचं रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान बाजाराच्या गावात रस्त्यालाच आहे, हात चांगला आहे, पण या शोधात ते दिसतच नव्हते.

मी नवी नोंद करण्याआधी नेहमी जुनी शोधते. काकांच्या दुकानाची नोंद आधीच होती. पूर्वी एका माणसाने पैसे घेऊन ती स्वतःच्या जीमेलवर केली होती आणि त्याचा फोन आता लागत नव्हता. नोंदीत प्रकार लिहिला होता इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, आणि नकाशावरची खूण होती ग्रामपंचायतीपाशी. अशा वेळी शेजारी दुसरी नोंद उभी केली तर एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात आणि नवी नोंद दुबार म्हणून अडकू शकते. म्हणून जुन्या नोंदीवरच मालकीचा अर्ज टाकायचा. आधीच्या माणसाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर बहुतेक वेळा स्वतःची ओळख पटवून नोंद आपल्याकडे घेता येते. तसंच झालं. मालकी काकांच्याच जीमेलवर घेतली आणि मी स्वतःला फक्त मॅनेजर म्हणून जोडलं. मॅनेजरला वेळ बदलता येते, फोटो टाकता येतात, उत्तरं देता येतात. नोंद काढून टाकता येत नाही आणि मालकाला हटवता येत नाही. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीवरून हे काम करणाऱ्याची नियत कळते.

ओळख पटवायला आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो मोबाइलवर तिथल्या तिथे काढायचा, मध्ये न थांबवता, कापाकापी न करता. काकांचा आम्ही असा काढला: आधी रस्ता आणि समोरची ओळखीची दुकानं, मग दुकानाचा बोर्ड अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून, मग काकांनी किल्लीने कुलूप उघडून शटर वर केलं, मग आत वायंडिंगचं मशीन, टेबलावर उघडलेली मोटर, तांब्याच्या तारेची रिळं आणि दुकानाच्या नावाचं बिलबुक. शटर उघडणं यात महत्त्वाचं, कारण दुकान चालवणारा हाच आहे हे त्यावरून दिसतं. लोकांचे चेहरे आणि बँकेचे कागद व्हिडिओत येऊ द्यायचे नाहीत. बोर्डावरचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळलं नाही, तर इथेच गाडी अडते.

नावावरून माझा दर दुकानात वाद होतो. काकांचा मुलगा म्हणाला, "ताई, नावातच 'वरूडमधलं नंबर एक मोटर रिवायंडिंग' टाकून द्या ना." नाही टाकायचं. बोर्डावर आहे तेच नाव, एक शब्द जास्त नाही. जास्तीचे शब्द भरून काही दिवस दुकान वर दिसतंही, पण कुणी तक्रार केली तर नोंद निलंबित होऊ शकते, आणि ती नेमकी जानेवारीत झाली तर हंगाम गेला. मग शॉप ॲक्टचा कागद, उद्यमचं प्रमाणपत्र जोडून अपील करत बसावं लागतं. काम काय करता हे सांगायची जागा वेगळी आहे, ती म्हणजे प्रकार. मुख्य प्रकार एकच निवडता येतो आणि शोधात दिसण्यावर त्याचा मोठा परिणाम होतो. काकांचा मी Electric motor repair shop केला. रिवायंडिंग, सबमर्सिबल दुरुस्ती, स्टार्टर दुरुस्ती ही कामं खाली सेवांमध्ये मराठीत आणि इंग्रजीत लिहिली. खूण बोटाने ओढून बरोबर शटरवर आणली. खेड्यात पत्ता टाइप केला, की खूण बरेचदा गावाच्या मध्यावर जाऊन बसते, आणि मोटर घेऊन आलेला माणूस तिथून दुकान विचारत फिरतो.

इथपर्यंतचं काम 1500 चं. आता महिन्याचं.

गूगलवरच्या नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतो, आणि ते बदल मालकाला न विचारता लागूही होऊ शकतात. काकांचं दुकान घरच्या लग्नात चार दिवस बंद होतं. कुणीतरी शटर खाली पाहिलं आणि नोंदीवर "कायमचं बंद" असं सुचवलं, बहुधा चांगल्या मनानेच. काकांच्या जीमेलवर सूचना आली, पण ते जीमेल कोण उघडतंय? दुकान सुरू, काका टेबलावर तार भरताहेत, आणि नकाशावर लाल अक्षरात दुकान बंद. मला ते फोनच्या आकड्यावरून कळलं. नोंदीवरचं फोनचं बटण महिन्यात किती जणांनी दाबलं हे प्रोफाइलमध्ये दिसतं, आणि ऐन हंगामात ते शून्यावर आलं होतं. वेळेच्या रकान्यात जाऊन "सुरू आहे" केलं, समोरच्या उघड्या दुकानाचा नवा फोटो टाकला. काम दोन मिनिटांचं, पण कुणी पाहिलंच नसतं तर उन्हाळा तसाच गेला असता.

फोन नंबर हा दुसरा खड्डा. रिचार्ज संपून बंद पडलेलं सिम नोंदीवर तसंच राहतं. काकांच्या बाबतीत नंबर चालू होता, पण वायंडिंग करताना ते फोन उचलत नसत. घाईतल्या माणसाचा फोन उचलला नाही तर तो लगेच खालच्या दुकानाला लावतो. म्हणून मुख्य नंबर मुलाचा केला. पोळा, दिवाळी, गावच्या यात्रेच्या वेळा आधीच भरून ठेवायच्या. कुणी मत लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर, वाईट लिहिलं असेल तरी. "पाच तारे द्या, मजुरीत पन्नास कमी करतो" असं मात्र मी करू देत नाही. बक्षीस देऊन मतं घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. मोटर घेऊन जाताना "काम कसं झालं ते लिहा" एवढं म्हणणं चालतं आणि पुरतं.

आता यातून काय होत नाही, तेही ऐका. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. गूगल स्थानिक शोधात तीन गोष्टी पाहतं: शोध आणि दुकान किती जुळतं, अंतर किती, आणि दुकान किती नावाजलेलं आहे. पहिली आपल्या हातात आहे, तिसरी हळूहळू वाढते, अंतर मात्र कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. दुसऱ्या तालुक्याच्या गावाला जवळ असलेल्या शेतकऱ्याला तिकडचं दुकान आधी दिसणार. म्हणून कुणी तुमच्याच दुकानात बसून तुमच्याच फोनवर "पाहा, पहिला नंबर" दाखवत असेल, तर तो पुरावा नाही. दुकानात बसून शोधलं तर ते दुकान बहुतेकदा वरच दिसतं. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या नातेवाइकाला फोन करा, त्याच्या मोबाइलवर दुकानाचं नाव न घेता नुसतं काम शोधायला सांगा. मी काकांचं असंच तपासते, त्यांच्या भाच्याच्या गावातून.

प्रोफाइलमधल्या आकड्यांवरही सगळं सोडू नये. बटण दाबलं म्हणजे गिऱ्हाईक आलं असं नाही, आणि कुणी नंबर कागदावर उतरवून मग फोन केला तर तो मोजलाच जात नाही. म्हणून काकांना मी नवीन माणसाला "नंबर कुठून भेटला जी?" असं विचारायला लावलं. उत्तर "मोबाइलवर" आलं, की बिलबुकाच्या कोपऱ्यात "ग" लिहायचं. महिन्याअखेरी मी ते "ग" मोजते. सबमर्सिबलच्या एका कामाच्या मजुरीतही माझे 300 सहज निघतात, म्हणून महिन्यात एक जरी "ग" नवीन गावचा असेल तर हिशेब बसतो. पावसाळ्यात मोटरी कमी येतात, "ग" दिसत नाहीत. तेव्हा काकांकडून मी पैसे घेत नाही, आणि ते माझं नाव मॅनेजरमध्ये राहू देतात.

सगळ्याच दुकानांना मी हो म्हणत नाही. गावातल्या किराणा दुकानाला किंवा पानठेल्याला गिऱ्हाईक रोजचंच आणि ओळखीचं असतं, त्यांना नोंद करून देते, महिना लावत नाही. महिना त्यालाच परवडतो ज्याचं गिऱ्हाईक परगावचं, अडचणीतलं आणि घाईतलं आहे: मोटरवाला, हायवेवरचा टायरवाला, रात्री उघडं असणारं मेडिकल, लॉज.

ज्याच्या घरी मोबाइल चालवणारं पोर आहे त्यानेही मला महिना देऊ नये. दुकानाच्या जीमेलने लॉगिन करून गूगलवर my business शोधा, म्हणजे नोंद समोर येते. तीन टिंबांत Business Profile settings आणि त्यात People and access उघडा. मालक म्हणून तिथे तुमचंच जीमेल दिसलं पाहिजे. कुणा एजंटचं दिसलं, तर त्याला पुढचे पैसे देण्याआधी मालकी मागा. मग महिन्यातून एकदा वेळ, नंबर आणि नकाशावरची खूण पाहायची, जीमेलमधल्या सूचना वाचायच्या, राहिलेल्या मतांना उत्तरं द्यायची. पोरगं एवढं नेमाने करत असेल तर माझे 300 वाचवा, आणि कुठे अडकलं तर मला फोन करा. फोनवर सांगायचे मी पैसे घेत नाही.